चिडवणाऱ्या मुलांबद्दल बाईंना काय लिहावं?

मुलीला शाळेत चिडवतात हे घरी कळतं तेव्हा बहुधा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. ती रडून झोपलेली असते, घरात कुणीतरी "उद्याच जाऊन बघतो एकेकाला" म्हणत असतं आणि वर्गशिक्षिकेचा नंबर फोनमध्ये असतोच. त्या वेळी लिहिलेला निरोप अगदी मनापासूनचा असतो. पण तो वाचून बाईंनी उद्या सकाळी वर्गात गेल्यावर नेमकं काय बघायचं आणि काय करायचं, हे त्यातून कळत नाही. मग त्यांच्याकडून "बघते हं" एवढंच उत्तर येतं आणि पालकांना वाटतं, आपलं म्हणणं झटकून टाकलं.

एक उदाहरण घेऊन बोलू. बाबांच्या बदलीमुळे जूनमध्ये अकोल्याहून पुण्यात आलेलं कुटुंब. मुलगी पाचवीत, नव्या शाळेत. घरात वऱ्हाडी बोलली जाते, त्यामुळे तिच्या तोंडी "जेवून राहिली", "काऊन", "माह्या" हे सहज येतं. जुलैच्या मध्यावर एक दिवस ती आईला म्हणते, "गेटवर माझ्याशी बोलत नको जाऊस." आईला आधी वाटतं, आता मोठी झाली, मैत्रिणींसमोर लाजते. डबा अर्धा परत येऊ लागतो तेव्हा शंका येते.

इथे पहिला प्रश्न असतो माहिती काढण्याचा, आणि बरीचशी गडबड तिथेच होते. "कोण त्रास देतं तुला? नाव सांग," असं विचारलं की मूल एकतर गप्प बसतं, नाहीतर आईला हवं असलेलं नाव देऊन टाकतं. दोन्ही उत्तरांचा उपयोग नाही. त्याऐवजी दिवसाच्या क्रमाने विचारावं. आज डबा कुठे बसून खाल्लास? शेजारी कोण होतं? मग काय झालं? तू काय म्हणालीस? जागा आणि वेळ विचारली की मुलांना प्रसंग आठवतो, आणि कुणी काय म्हटलं तेही त्याच शब्दांत आठवतं. "मग तिने ढकललं का?" असं आपण सुचवायचं नाही. कारण पुढे बाईंनी तोच प्रश्न विचारल्यावर मूल वेगळं सांगतं आणि मग त्याच्यावरचाच विश्वास उडतो. ऐकलेलं त्याच दिवशी तारखेसह वहीत टिपून ठेवावं. आठवडाभरानंतर तारखा एकमेकींत मिसळतात.

दुसरा प्रश्न असा की ही मुलांची नेहमीची थट्टामस्करी आहे की आणखी काही. या विषयावर आयुष्यभर काम केलेले नॉर्वेमधले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेअस यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या. त्रास देण्याचा हेतू असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. यातली तिसरी खूण घरी सर्वांत जास्त निसटते. बळ म्हणजे फक्त अंगातली ताकद नव्हे. वर्गात पहिलीपासून एकत्र असलेल्या चौघी आणि महिन्याभरापूर्वी आलेली एकटी, यांच्यातही बळाचा फरक असतो. साधी कसोटी अशी की आज जी चिडवते तिला उद्या चिडवता येतं का, आणि दोघींनाही हसू येतं का. आपल्या उदाहरणातल्या मुलीने एकदा उलट बोलून पाहिलं होतं. त्यावर पुन्हा तिच्याच हेलाची नक्कल झाली. म्हणजे तिने उच्चारलेला प्रत्येक शब्द तिच्यावरच उलटतो. ही मस्करी राहिलेली नाही.

आता निरोप. त्या रात्री आईने फोनवर पहिल्यांदा जे लिहिलं असतं, ते साधारण असं असतं:

"बाई, माझ्या मुलीला वर्गात सगळे रोज छळतात. तुमचं लक्ष नसतं का? आमच्या भाषेची टिंगल आम्ही सहन करणार नाही. त्या मुलींना कडक शिक्षा करा, नाहीतर मला मुख्याध्यापकांकडे जावं लागेल."

यातला राग समजण्यासारखा आहे. पण बाईंच्या जागी बसून वाचा. "सगळे" म्हणजे पन्नासच्या पन्नास मुलं का? "रोज" म्हणजे कोणत्या तासाला? काल दिवसभर मी वर्गात होते, मला तर काही दिसलं नाही. "तुमचं लक्ष नसतं का" या प्रश्नानंतर बाईंचं मन मुलीकडून निघून स्वतःचा बचाव करण्याकडे वळतं, आणि कुणाचंही वळेल. शिक्षेची मागणी तर घटना तपासण्याआधीच निकाल सांगते. आणि मुख्याध्यापकांचं नाव घेतलं की बाई यापुढे फोनवर काही लिहून देणार नाहीत, कारण लिहिलेलं पुढे दाखवलं जाईल अशी धास्ती असते.

बाईंना दिसलं नाही हे खरंच शक्य आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावं. कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी शाळेच्या मैदानावरच्या मुलांचं कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं आणि मुलांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन लावले. त्रास देण्याचे प्रसंग पुष्कळ टिपले गेले, पण त्यांतल्या फारच थोड्या प्रसंगांत कुणी मोठं माणूस मध्ये पडलं. असे प्रसंग थोडक्यात आटोपतात आणि शिक्षकाची पाठ वळल्यावर घडतात. आपल्याकडेही नळाजवळ, जिन्यात, मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला आणि रिक्षात हे चालतं. म्हणून निरोपाचं खरं काम तक्रार पोचवण्यापेक्षा बाईंची नजर योग्य वेळी योग्य जागी नेण्याचं आहे. एकदा हे पटलं की काय लिहायचं ते आपोआप ठरत जातं.

त्याच आईने सकाळी पुन्हा बसून, वहीतली टिपणं समोर ठेवून लिहिलेला निरोप असा. मुलांच्या नावांच्या जागी इथे अक्षरं घातली आहेत.

"नमस्कार बाई. मी पाचवी ब मधल्या हजेरी क्रमांक 31 ची आई. आम्ही जूनमध्ये अकोल्याहून आलो. तिच्या बोलण्यावरून वर्गात तिला चिडवलं जातं, त्याबद्दल लिहिते आहे. खालचं सगळं तिने सांगितलेलं आहे, मी स्वतः पाहिलेलं नाही.

मंगळवार 8 जुलै, मधली सुट्टी. डबा खाताना ती 'मी जेवून राहिली' असं म्हणाली. क आणि ग यांनी ते वाक्य हेल काढून चार-पाच वेळा म्हटलं. त्या दिवसापासून दोघी तिला 'काऊन' अशी हाक मारतात.

शुक्रवार 11 जुलै, नळाजवळ. 'ए काऊन, बाजूला हो' म्हणून तिला रांगेतून मागे पाठवलं. आजूबाजूची मुलं हसली.

मंगळवार 15 जुलै, मराठीचा तास. उत्तर देताना ती 'शेतकरी पेरणी करून राहिला' असं म्हणाली. तुम्ही वाक्य दुरुस्त करून सांगितलंत, तेव्हा मागच्या दोन बाकांवर हशा झाला. ती उत्तर अर्धवट सोडून बसली.

तेव्हापासून डबा अर्धा परत येतो. वर्गात हात वर करत नाही, असं ती सांगते. मला गेटवर बोलू नको म्हणते. तिच्याकडून काही आगळीक झाली असेल तर तेही मला कळवा.

दोन विनंत्या आहेत. या आठवड्यात मधल्या सुट्टीत आणि तुमच्या तासाला तिच्याकडे जरा लक्ष द्याल का? आणि च शेजारी असते तेव्हा ती मोकळी असते, म्हणून जागा बदलताना दोघींना एका बाकावर बसवता आलं तर बरं होईल. वर्गात तिचं किंवा त्या मुलींचं नाव घेऊ नये, असं तिने मला सांगितलं आहे. 'चुगली केली' म्हणतील याची तिला भीती वाटते.

बुधवारी 23 जुलैला शाळा सुटल्यावर मी भेटायला येऊ शकते. तुमच्या सोयीची वेळ सांगा. धन्यवाद."

निरोप फोनच्या एका-दोन पडद्यांत मावतो, आणि तेवढाच असावा. यात "छळ", "टोळी", "क्रूर" यांपैकी एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला मुलीचं दुःख कळतं. अर्धा डबा आणि गेटवर न बोलणं या दोन गोष्टी ते काम करतात. मुलीच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज आईने लिहिलेला नाही. दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहिलं आहे. हात वर करत नाही, हे बाईंना स्वतःला पडताळून पाहता येतं, म्हणून ते फार कामाचं.

"तिने सांगितलेलं आहे, मी स्वतः पाहिलेलं नाही" हे वाक्य काही पालकांना कच खाल्ल्यासारखं वाटेल. माझ्या मते निरोपातलं सर्वांत भक्कम वाक्य तेच आहे. मुलांच्या सांगण्यात तारीख चुकते, क च्या जागी दुसरीच कुणी निघते. एक तपशील चुकला म्हणून सगळंच खोटं ठरू नये, याची सोय त्या वाक्यात आहे. "तिच्याकडून काही आगळीक झाली असेल तर" यामागचंही कारण तेच. बाईंना दुसऱ्या बाजूची हकिगत कळेलच. ती ऐकायची तयारी पालकांनी आधीच दाखवली तर पुढचं बोलणं सरळ होतं.

मराठीच्या तासाचा उल्लेख हा या निरोपातला सर्वांत नाजूक भाग आहे. हशा बाईंनी दुरुस्ती केल्यानंतर झाला. चिडवण्याचं मूळ कधीकधी असं शिक्षकाच्याच वाक्यात असतं, आणि शिक्षकाला त्याचा पत्ताही नसतो. बाईंनी प्रमाण मराठी शिकवली, ते त्यांचं कामच आहे. पण "असं नाही म्हणायचं" हे सगळ्यांदेखत ऐकल्यावर मुलांना वाटतं की हिच्या बोलण्याला हसायला आता परवानगी आहे. हे गाळलं तर बाईंच्या हातात असलेली सर्वांत सोपी दुरुस्तीच निसटते. पण "तुमच्यामुळे सुरू झालं" असं लिहिलं तर दार बंद होतं. म्हणून आईने फक्त क्रम लिहिला. वाक्य, दुरुस्ती, हशा, मुलीचं खाली बसणं. संवेदनशील शिक्षिकेला तेवढ्यावरून कळतं. पुढच्या वेळी ती "अकोल्याकडे असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात, आणखी कुणाच्या गावाकडे वेगळं म्हणतात?" असं वर्गाला विचारू शकते. मग कोल्हापूरची, मालवणची, जळगावची मुलं हात वर करतात आणि वेगळं बोलणारी ती एकटी उरत नाही. हा उपाय मात्र निरोपात लिहून पाठवू नये. कसं शिकवायचं हे पालकांनी लेखी सांगितलेलं कुठल्याच शिक्षकाला रुचत नाही. प्रत्यक्ष भेटीत विषय निघाला तर सुचवावा.

च या मैत्रिणीचा उल्लेखही सहज केलेला नाही. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्गातल्या बाकीच्या मुलांकडे बघितलं. चिडवणारे एक-दोनच असतात. पण काही त्यांना साथ देतात, काही हसून प्रोत्साहन देतात, काही लांबून बघतात आणि थोडी त्रास होणाऱ्याची बाजू घेतात. हसणारे कमी झाले की चिडवण्यातली मजाही कमी होते. याच कामातून पुढे तिथल्या तुर्कू विद्यापीठात शाळांसाठी एक कार्यक्रम तयार झाला. त्यात चिडवणाऱ्यांशी शिक्षक बोलतातच, शिवाय वर्गातल्या दोन-चार समजूतदार मुलांना बोलावून, तुम्ही हिला कशी सोबत कराल, असंही विचारतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. च ला तिच्या बाकावर बसवणं ही त्याच विचाराची छोटी, उद्या सकाळी करता येण्यासारखी कृती आहे.

नावं वर्गात घेऊ नयेत ही विनंती लिहिली नाही तर काय होतं, हे बहुतेकांनी आपल्या शाळेत पाहिलेलं आहे. बाई वर्गात येऊन विचारतात, "हिला कोण चिडवतं रे? उभे राहा." दोघी उभ्या राहतात, ओरडा खातात, "सॉरी म्हणा, हातात हात द्या" होतं आणि प्रकरण मिटलं असं समजलं जातं. मधल्या सुट्टीत त्या मुलीला आणखी एक नाव पडलेलं असतं, ते म्हणजे चुगलखोर. दोन मैत्रिणींचं भांडण असेल तर समोरासमोर बसवून मिटतं, कारण दोघींचं बळ सारखं असतं. इथे ते सारखं नाही, त्यामुळे समोर बसवल्यावर ती "काही नाही बाई, मस्करी करत होतो" याला मान डोलावून मोकळी होते. बाईंनी क आणि ग शी बोलायचंच आहे, पण वेगवेगळं, तासानंतर, आणि शक्यतो स्वतःच्या डोळ्यांनी एखादा प्रसंग पाहिल्यावर. म्हणजे "मी काल नळाजवळ ऐकलं" असं त्या म्हणू शकतात आणि मुलीचं नाव सांगणारी म्हणून पुढे येत नाही. निरोपात जागा आणि वेळ देण्याचा हा मोठा फायदा आहे.

हे सगळं लिहिण्यापूर्वी मुलीला सांगावं, हे ओघाने आलंच. "बाईंना सांगू का?" असं विचारलं तर ती नाही म्हणेल. "मी बाईंना सांगणार आहे. त्यांनी काय करू नये असं तुला वाटतं?" असं विचारलं की ती खरी भीती सांगते. तीच भीती निरोपाच्या शेवटी आली आहे.

निरोप कुठून पाठवायचा, यावर थोडक्यात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही नाही, कारण क आणि ग च्या आयाही तिथे असतात आणि संध्याकाळपर्यंत ते मोठ्यांचं भांडण होतं. शाळेच्या डायरीतही सविस्तर लिहू नये. डायरी दप्तरातून जाते, बाकावर राहते, शेजारची मुलगी उघडून वाचते. तिथे "भेटायचं आहे, वेळ द्यावी" एवढंच पुरे. आवाजी निरोप टाळावा. शिक्षक-खोलीत तो चारचौघांसमोर वाजवता येत नाही आणि त्यातली तारीख पुन्हा शोधता येत नाही. बाईंच्या स्वतःच्या नंबरवर, शाळा सुटल्यानंतर, संध्याकाळी साताच्या आत पाठवलेला लेखी निरोप सर्वांत बरा. उत्तर आलं नाही तर दोन दिवस थांबून एक ओळ लिहावी.

समजा बाईंचं उत्तर आलं, "मुलं आहेत, थोडंफार चालायचंच, पण बघते." याला उत्तर म्हणून वाद घालण्याची गरज नाही. "बघते" हा शब्द धरावा. "धन्यवाद बाई. मग 23 ला भेटल्यावर तुम्हाला काय दिसलं ते बोलू." एवढं पुरतं, कारण त्याने तारीख पक्की होते.

भेट झाल्यावर आठवड्याने दुसरा निरोप लिहावा, आणि तो बहुतेक पालक लिहीतच नाहीत. तोही तितकाच नेमका असावा. "बाई, जागा बदलल्यापासून डबा पूर्ण संपतो. वर्गात 'काऊन' म्हणणं थांबलं, असं ती सांगते. सोमवारी 28 जुलैला नळाजवळ एकदा झालं, या वेळी ग एकटी होती." यात सुधारणेची नोंद आहे, उरलेल्या त्रासाची जागाही आहे. बाईंना आपण केलेल्याचा परिणाम कळतो आणि पुढचं लक्ष कुठे द्यायचं तेही. घरी मात्र रोज "आज कुणी काही म्हटलं?" असं विचारू नये. त्याने तिचं सगळं घरच त्या एका विषयाचं होऊन जातं. फरक पडतो आहे का, हे डब्यावरून, सकाळच्या पोटदुखीवरून, शाळेतलं दुसरं काही ती आपणहून सांगते का यावरून कळतं. कधीकधी चिडवणं थांबतं पण कुणीच बोलत नाही, अशी अवस्था येते. ती सुधारणा समजू नये. वाळीत टाकणं हाही त्रास देण्याचाच प्रकार आहे, आणि तो बाईंना आणखी कमी दिसतो. अशा वेळी मधल्या सुट्टीत ती कुठे बसते एवढंच पाहायला सांगावं.

काही गोष्टींना मात्र हा शांत निरोप पुरत नाही, आणि तिथे त्यावर विसंबूही नये. मारहाण झाली, कपड्यांना किंवा अंगाला नको तिथे हात लावला, चित्रफीत काढून पसरवली, जातीवरून हिणवलं, पैसे काढून घेतले, किंवा मूल "मला जगायचंच नाही" असं काही बोललं, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटावं. जगण्याबद्दलचं बोलणं असेल तर मुलाला एकटं ठेवू नये आणि डॉक्टरांकडे लगेच न्यावं. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असते. त्रास देणारं माणूस शिक्षकच असेल, म्हणजे नक्कल तेच करत असतील, तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 लागू होतं. मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला त्या कलमाने मनाई आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आणि दोन निरोप, एक भेट झाल्यावरही काहीच हललं नाही, तर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करावा. नव्याने काही रचायचं नाही. वहीतल्या त्याच तारखा, बाईंना कधी कळवलं ते दिवस, आणि आता काय हवं ती एक मागणी, एवढंच एका पानावर लिहावं. अर्ज कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. तो कागद पुढे शाळा व्यवस्थापन समितीकडे किंवा पालक-शिक्षक संघाकडे न्यावा लागला तर हाताशी असतो, आणि बाईंना पाठवलेले निरोप शांतपणे लिहिलेले असल्यामुळे ते त्याला जसेच्या तसे जोडता येतात.